शोथ, तीव्र : श्वेत कोशिकांच्या स्थलांतराचा इतिहास

शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली, तो भाजला किंवा तेथे सूक्ष्मजंतूंचा शिरकाव झाला म्हणजे त्या ठिकाणी जी तत्काळ प्रतिक्रिया होते, तिला तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) म्हणतात. ही प्रतिक्रिया काही मिनिटांत सुरू होते आणि सामान्यतः काही दिवसांत ओसरते. तीत तीन घटना क्रमाने घडतात : इजा झालेल्या जागेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भित्तींतून रक्तद्रव बाहेर झिरपतो, आणि रक्तातील श्वेत कोशिका (पांढऱ्या पेशी) भित्तीवर गडगडत येऊन तीस चिकटतात व ती ओलांडून ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) शिरतात. पहिल्या दोन घटनांचा उलगडा तुलनेने लवकर झाला. तिसरीचा उलगडा होण्यास मात्र सुमारे दीडशे वर्षे लागली. वेगाने वाहत असलेल्या रक्तातील कोशिका नेमक्या इजेच्या जागीच कशा थांबतात आणि या कामी पुढाकार कोणाचा, रक्तवाहिनीच्या भित्तीचा की कोशिकेचा, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या वादाचा व त्याच्या निर्णयाचा इतिहास दिला आहे.

प्राचीन कल्पना : लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार केल्सस यांनी इ. स. च्या पहिल्या शतकात एकत्र नोंदविली. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून कच्चा शोथ कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा असे दोन्ही वैद्य तीत निंद्य ठरविले आहेत. शोथ ही एकच एक स्थिती नसून कालक्रमाने पुढे सरकणारी क्रिया आहे, ही जाण या वर्गीकरणात स्पष्ट दिसते. तथापि पू म्हणजे काय व तो कोठून येतो याविषयी प्राचीनांना तर्कावरच विसंबावे लागले. इंग्लंडमधील शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचा रक्त, शोथ व बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1794 मध्ये प्रसिद्ध झाला. शोथ हा स्वतः रोग नसून इजेला शरीराने दिलेले उपकारक उत्तर आहे, असे मत त्यांनी त्यात मांडले. परंतु ग्रंथीतून स्राव व्हावा तसा पू रक्तवाहिन्यांतून स्रवतो, अशीच त्यांची समजूत होती.

पहिली सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगली भिंगे उपलब्ध झाली आणि बेडकाच्या पायाच्या बोटांमधील पडदा, जीभ व आंत्रबंध (आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा) यांसारख्या पारदर्शक भागांत जिवंत रक्तप्रवाह पाहता येऊ लागला. प्रवाहाच्या मध्यातून तांबड्या कोशिका भरधाव वाहतात, तर श्वेत कोशिका कडेने भित्तीला लागून संथपणे गडगडत जातात, हे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक रूडोल्फ वॅग्नर यांनी 1839 मध्ये वर्णन केले. विल्यम ॲडिसन यांनी 1843 मध्ये पुवातील कोशिका व रक्तातील श्वेत कोशिका एकच असाव्यात असे सुचविले. ऑगस्टस वॉलर यांनी 1846 मध्ये बेडकाच्या जिभेत श्वेत कोशिका अखंड भित्तीतून बाहेर पडल्याचे पाहिले. विशेष म्हणजे त्या गेल्यानंतर भित्तीत छिद्र उरलेले दिसले नाही.

ही निरीक्षणे अचूक असूनही लवकरच विस्मृतीत गेली. बर्लिन येथील रूडोल्फ फिर्खो यांचा कोशिकाविकृतिविज्ञानावरील ग्रंथ 1858 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक कोशिका दुसऱ्या कोशिकेपासूनच उत्पन्न होते, हे त्यातील प्रतिपादन योग्य होते. परंतु त्यावरून पुवातील कोशिका त्या जागेतील संयोजी ऊतकाच्या कोशिकांचे विभाजन होऊन तयार होतात, असा निष्कर्ष काढण्यात आला. फिर्खो यांच्या अधिकारामुळे तो सर्वमान्य झाला. पू जागच्या जागीच तयार होत असेल, तर रक्तातून काही बाहेर येण्याची गरजच उरत नव्हती.

कोनहाइम यांचे प्रयोग : हे मत फिर्खो यांच्याच संस्थेतील साहाय्यक यूलियूस कोनहाइम (1839–84) यांनी 1867 मध्ये खोडून काढले. त्यांनी बेडकाला क्युरारे हे विष टोचून त्याचे स्नायू निश्चल केले, पोटाला छेद देऊन आंत्रबंध हलकेच बाहेर काढला व तो काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. हवेशी आलेला संपर्क हीच त्या नाजूक पडद्याला पुरेशी इजा होती. तीमुळे शोथ पहिल्या क्षणापासून पाहता आला.

त्यांच्या वर्णनातील क्रम आजही जसाच्या तसा मान्य आहे. प्रथम रोहिण्या व त्यापाठोपाठ नीला रुंदावल्या. सुरुवातीस रक्तप्रवाह वेगवान झाला. नंतर वाहिन्या रुंदच राहिल्या, पण प्रवाह मात्र मंदावला. नीलांच्या कडेशी श्वेत कोशिकांची गर्दी वाढत गेली आणि थोड्याच वेळात आतील भित्तीवर त्यांचा जणू थर बसला. मग नीलेच्या बाह्य कडेवर एक बारीक गुंडी उगवल्यासारखी दिसली. ती हळूहळू मोठी झाली, तिला नासपतीसारखा आकार आला, पुढे ती भित्तीला केवळ एका तंतूने जोडलेली राहिली आणि अखेर सुटून मोकळी झाली. ती श्वेत कोशिकाच होती. काही तासांत नीलेभोवती अशा कोशिकांचे वेष्टन तयार झाले. रोहिण्यांतून मात्र कोशिका बाहेर पडताना दिसल्या नाहीत. हा भेद कोनहाइम यांनी आवर्जून नोंदविला.

परंतु पुवातील कोशिका त्याच आहेत हे सिद्ध करण्यास एवढे पुरेसे नव्हते. त्यासाठी त्यांनी डोळ्यातील स्वच्छमंडल (बुबुळापुढील पारदर्शक पडदा) निवडले. त्यात रक्तवाहिन्या नसतात; त्यामुळे तेथे आढळणारी पू-कोशिका एक तर जागीच तयार झालेली असणार किंवा दुरून आलेली असणार. कोनहाइम यांनी बेडकाच्या पाठीवरील लसीका-कोशात निळ्या रंगाचे बारीक कण टोचले. श्वेत कोशिकांनी हे कण गिळले व त्यांना अशा रीतीने खूण झाली. नंतर त्यांनी स्वच्छमंडलाला दाहक पदार्थ लावून शोथ उत्पन्न केला. तेथे जमलेल्या कोशिकांपैकी अनेकींमध्ये निळे कण सापडले. कोशिकेला खूण करून तिचा प्रवास शोधण्याची ही पद्धत पुढे विज्ञानात सर्वत्र रूढ झाली. व्हिएन्ना येथील झालोमोन श्ट्रिकर यांच्यासारख्या विरोधकांनी या निष्कर्षावर पुष्कळ काळ आक्षेप घेतले, तरी पुवातील कोशिकांचा उगम रक्तात आहे हे मत क्रमाने प्रस्थापित झाले.

कोशिका बाहेर का पडतात, या प्रश्नाला कोनहाइम यांचे उत्तर असे होते की, दोष भित्तीत उत्पन्न होतो. सशाच्या कानाच्या मुळाशी बंध घालून त्यातील रक्तपुरवठा त्यांनी काही काळ तोडला. बंध सोडल्यावर रक्त पूर्ववत वाहू लागे. रक्त निरोगीच असे. तरीही त्या कानात सूज येई आणि श्वेत कोशिका बाहेर पडत. बदल झाला होता तो रक्तावाचून राहिलेल्या भित्तीत. म्हणून भित्तीतील रेणवीय स्वरूपाचा बदल हे शोथाचे मूळ असून कोशिका एक प्रकारे झिरपून बाहेर येतात, असे त्यांनी मानले.

मेचनिकॉव्ह यांचा प्रतिपक्ष : रशियन प्राणिशास्त्रज्ञ ईल्या मेचनिकॉव्ह यांनी 1882 मध्ये सिसिलीतील मेसीना येथे ताराम्याच्या पारदर्शक डिंभात (अळीसारख्या पूर्वावस्थेत) गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या कोशिकांचा गराडा पडलेला दिसला. या प्राण्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे भित्ती नसतानाही शोथाचा गाभा, इजेकडे कोशिकांची धाव, अस्तित्वात होता. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, कोशिका झिरपत नाहीत. त्या स्वतः चालत जातात आणि परक्या कणांचे भक्षण करतात. रासायनिक पदार्थांच्या ओढीने श्वेत कोशिका विशिष्ट दिशेस सरकतात, हे टेओडोर लेबर यांनी 1888 मध्ये शोथयुक्त स्वच्छमंडलावरील अभ्यासातून दाखविले. या गुणधर्मास रसायनानुचलन म्हणतात. मेचनिकॉव्ह यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. अशा रीतीने भित्ती व कोशिका असे दोन पक्ष उभे राहिले. दोहोंकडेही भक्कम प्रयोग होते आणि म्हणूनच वाद मिटला नाही.

वाहिनीविस्फारण व झिरपा : दरम्यान पहिल्या दोन घटनांचा उलगडा झाला. हेन्री डेल व पी. पी. लेडलॉ यांनी 1910 मध्ये हिस्टामीन या पदार्थाचे रक्तवाहिन्यांवरील परिणाम वर्णन केले. टॉमस लूइस यांनी 1927 च्या आपल्या ग्रंथात मानवी त्वचेच्या त्रिविध प्रतिक्रियेचे विवेचन केले. बोथट कडेने हाताच्या त्वचेवर जोराने रेघ ओढली असता काही सेकंदांत तेथे लाल रेघ उमटते. मग तिच्या दोन्ही बाजूंस पसरट लाली येते. आणि काही मिनिटांत रेघेच्या जागी फिकट वळ उठतो. पहिली लाली इजेच्या जागेतील सूक्ष्म वाहिन्या रुंदावल्याने, दुसरी तंत्रिकांच्या द्वारे शेजारच्या सूक्ष्मरोहिण्या रुंदावल्याने आणि वळ रक्तद्रव झिरपल्याने येतो. इजा झालेल्या त्वचेतून हिस्टामिनासारखा पदार्थ सुटत असावा, असे लूइस यांनी अनुमानिले. ऊतकातील स्तंभ कोशिका हा हिस्टामिनाचा साठा आहे, हे 1953 मध्ये दाखविण्यात आले.

रक्तद्रव कोठून झिरपतो, याचे उत्तर ग्वीदो मायनो व जॉर्ज पालादे यांनी 1961 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दिले. त्यांनी उंदरांच्या रक्तात सूक्ष्म अपारदर्शक कण सोडून हिस्टामीन टोचले. कण केशवाहिन्यांत नव्हे, तर त्यांच्या लगत पुढे असलेल्या सूक्ष्मनीलांच्या भित्तीत अडकलेले आढळले. या वाहिन्यांच्या अंतःस्तराच्या (आतील एकेरी कोशिका-अस्तराच्या) दोन कोशिकांमध्ये फटी पडल्या होत्या व रक्तद्रव त्यांतून निसटत होता. द्रव निघून गेल्याने मागे उरलेले रक्त दाट होते व प्रवाह मंदावतो. रुंद वाहिनीत प्रवाह प्रथम वेगवान व नंतर मंद का होतो, या कोनहाइम यांच्या निरीक्षणाचे हे स्पष्टीकरण होय. मंद प्रवाहात तांबड्या कोशिका एकमेकींस चिकटून मधल्या भागात जमतात आणि मोठ्या श्वेत कोशिका कडेकडे लोटल्या जातात.

गडगडण्याचे कोडे : कडेला लोटलेली कोशिका भित्तीला टेकते, पण एवढ्याने ती थांबत नाही. लहान सूक्ष्मनीलेतील रक्ताचा वेग ढोबळपणे सेकंदास एक मिलिमीटर असतो. गडगडणारी श्वेत कोशिका सेकंदास सुमारे 20 ते 40 मायक्रोमीटर सरकते. म्हणजे जे अंतर तांबडी कोशिका एका सेकंदात तोडते, त्यासाठी तिला अर्धे मिनिट वा अधिक वेळ लागतो. एम. ॲथर्टन व जी. व्ही. आर. बॉर्न यांनी 1972 मध्ये जिवंत प्राण्यांच्या वाहिन्यांत गडगडणाऱ्या कोशिकांची मोजदाद केली. इतकी मंद गती केवळ कडेचा प्रवाह संथ असल्याने येऊ शकत नाही. कोशिका क्षणोक्षणी भित्तीला चिकटत व सुटत असली पाहिजे. म्हणजे एकाच कोशिकेचे चिकटणे दोन प्रकारचे होते : एक सैल व तात्पुरते, दुसरे घट्ट व टिकाऊ. ही दोन्ही एकाच बंधाची रूपे आहेत की दोन वेगळे बंध आहेत, हे सूक्ष्मदर्शकातून पाहून कळण्यासारखे नव्हते.

भित्तीच्या पक्षाला बळकटी देणारे एक निरीक्षण 1955 मध्ये एफ. ॲलिसन व त्यांचे सहकारी यांनी केले. सशाच्या कानात पारदर्शक काचकक्ष बसवून त्यांनी तेथील ऊतकास उष्णतेने सूक्ष्म इजा केली. शेजारच्या वाहिनीतील श्वेत कोशिका प्रथम भित्तीच्या इजेकडील बाजूसच चिकटल्या. समोरची बाजू मोकळी राहिली. कोशिका चिकट झाल्या असत्या, तर त्या दोन्ही बाजूंस चिकटल्या असत्या.

पू न होणारी मुले : याच्या विरुद्ध बाजूची साक्ष रुग्णालयांतून आली. जन्मानंतर नाळेचा उरलेला भाग सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत गळून पडतो. काही अर्भकांत तो तीन आठवड्यांहून अधिक काळ राहतो, नाभी दूषित होते आणि पुढे त्वचा, हिरड्या व फुप्फुसे यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, असे 1970–80 या दशकाच्या अखेरीस लक्षात आले. या मुलांच्या जखमा भरत नाहीत व कडेने कुजत जातात. पण त्यांत पू होत नाही. रक्त तपासले असता श्वेत कोशिकांची उणीव नसते. उलट निरोगी माणसाच्या दर घन मिलिमीटर रक्तात सुमारे 4,000 ते 11,000 श्वेत कोशिका असतात, तर या मुलांत त्या अनेक पट वाढलेल्या असतात व संसर्गाच्या वेळी कधीकधी एक लाखापर्यंत जातात. रक्तात सैन्य उदंड, पण रणांगण रिकामे, अशी ही स्थिती असते. तीव्र स्वरूपाच्या दोषात उपचाराअभावी बहुतेक मुले बालवयातच दगावतात.

दोष कोशिकेत होता. या मुलांच्या श्वेत कोशिकांच्या पृष्ठभागावर इंटिग्रीन वर्गातील एका प्रथिन-कुटुंबाचा अभाव आढळला. त्या कुटुंबातील सर्व प्रथिनांना समान असलेली सीडी-18 ही शृंखला सदोष जीनमुळे तयार होत नव्हती. अंतःस्तराच्या पृष्ठभागावरील आयकॅम-1 या प्रथिनाला पकडून ठेवणे, हे या इंटिग्रिनांचे काम आहे. म्हणजे चिकटण्यासाठी कोशिकेकडेही काही साधन असावे लागते आणि ते नसेल तर भित्ती कितीही बदलली तरी उपयोग होत नाही.

प्रवाहातील निर्णायक प्रयोग : सैल बंधाचे रेणू 1980–90 या दशकात हाती लागले. ते शर्करेला पकडणारी प्रथिने असून त्यांना सिलेक्टिने म्हणतात. त्यांपैकी पी-सिलेक्टिन अंतःस्तर कोशिकांत आधीच साठविलेले असते व हिस्टामीन मिळताच काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन नव्याने तयार व्हावे लागते व त्यास काही तास लागतात. एल-सिलेक्टिन श्वेत कोशिकांवर असते. सिलेक्टिने व इंटिग्रिने यांची कामे वेगळी आहेत का, हे मायकेल लॉरेन्स व टिमथी स्प्रिंगर यांनी 1991 मध्ये अमेरिकेत एका साध्या प्रयोगाने दाखविले. त्यांनी काचेवर मेद-पदार्थाचा पातळ पडदा बनवून त्यात निवडक प्रथिने बसविली आणि त्यावरून रक्तवाहिनीतील वेगाशी जुळेल अशा वेगाने न्यूट्रोफिल (तीव्र शोथात प्रथम पोहोचणाऱ्या श्वेत कोशिका) असलेला द्रव वाहू दिला. पडद्यात केवळ आयकॅम-1 असता वाहत्या कोशिका मुळीच पकडल्या गेल्या नाहीत. केवळ पी-सिलेक्टिन असता त्या पकडल्या गेल्या व गडगडत राहिल्या, पण थांबल्या नाहीत. दोन्ही प्रथिने असून शिवाय कोशिकेला उत्तेजक रासायनिक संदेश मिळाला, तेव्हाच त्या प्रथम गडगडल्या व मग घट्ट थांबल्या. इंटिग्रीन बलवान असते, पण धावती कोशिका पकडण्याइतके शीघ्र नसते. सिलेक्टिन शीघ्र असते, पण धरून ठेवण्याइतके बलवान नसते. म्हणून गडगडणे ही घट्ट चिकटण्याची आवश्यक पूर्वपायरी ठरली.

हायफातील मुले व मुंबई रक्तगट : हे प्रयोगशाळेतील अनुमान माणसातही खरे आहे का? इझ्राएलमधील हायफा येथील आमोस एत्झिओनी व त्यांचे सहकारी यांनी 1992 मध्ये दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांची लक्षणे वर सांगितलेल्या मुलांसारखीच होती : रक्तात श्वेत कोशिका विपुल, वारंवार संसर्ग आणि पुवाचा अभाव. शिवाय त्यांची शारीरिक व बौद्धिक वाढ खुंटली होती. परंतु सीडी-18 मात्र पुरेसे होते. उलगड्याचा धागा रक्तगटाच्या तपासणीत मिळाला. दोघांचाही रक्तगट ‘मुंबई’ (बाँबे) या दुर्मिळ प्रकाराचा निघाला.

हा प्रकार डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबई येथे शोधून 1952 मध्ये प्रसिद्ध केला होता. अ आणि ब हे रक्तगट-पदार्थ एच नावाच्या पायाभूत पदार्थावर रचले जातात व एच तयार होण्यास फ्यूकोज ही शर्करा जोडली जावी लागते. मुंबई रक्तगटाच्या व्यक्तींत ही जोडणी करणारे एंझाइम नसते, म्हणून त्यांच्या तांबड्या कोशिकांवर अ, ब व एच यांपैकी काहीच नसते. हायफातील मुलांत मात्र दोष अधिक व्यापक होता : त्यांच्या कोशिकांत फ्यूकोज कोठेच नीट जोडले जात नव्हते. फ्यूकोज योग्य जागी वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जीनमध्ये त्याचे मूळ असल्याचे 2001 मध्ये कळले. सिलेक्टिने श्वेत कोशिकेवरील ज्या शर्करेला पकडतात, तिच्यातही फ्यूकोज लागते. ते नसल्याने सिलेक्टिनांना पकडायला काही उरत नव्हते. सामान्य मुंबई रक्तगटाच्या व्यक्तींत श्वेत कोशिकांवरील फ्यूकोज शाबूत असते. त्यांना हा रोग नसतो व त्यांचा शोथ निकोप असतो. त्यांना अडचण येते ती रक्त घेताना. कारण त्यांना फक्त त्याच गटाचे रक्त चालते.

या दोन आनुवंशिक दोषांची समोरासमोर तुलना उलरिख फॉन आंद्रियान व सहकारी यांनी 1993 मध्ये केली. दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल त्यांनी सशाच्या आंत्रबंधातील सूक्ष्मनीलांत सोडले. सीडी-18 नसलेल्या कोशिका व्यवस्थित गडगडल्या, पण थांबू शकल्या नाहीत. फ्यूकोज नसलेल्या कोशिका गडगडल्याच नाहीत. मात्र प्रवाह थांबविला असता त्या इंटिग्रिनांच्या आधारे चिकटू शकल्या. कोनहाइम यांच्या प्रयोगातील एकसंध दिसणारी क्रिया अशा रीतीने दोन टप्प्यांत विभागली गेली. वादाचा निर्णयही याच प्रयोगांनी केला : कोठे थांबावे हे भित्ती ठरविते, थांबण्याचे व पुढे जाण्याचे काम कोशिका करते.

एकत्रित क्रम : पायात काटा मोडला असे समजू. पहिल्या काही मिनिटांत स्तंभ कोशिकांतून हिस्टामीन सुटते, सूक्ष्मरोहिण्या रुंदावतात, सूक्ष्मनीलांत फटी पडून द्रव झिरपतो आणि अंतःस्तरावर पी-सिलेक्टिन येते. जागा लाल, उष्ण व फुगीर होते. न्यूट्रोफिल भित्तीवर गडगडू लागतात. ऊतकातील भक्षिकोशिका काट्याबरोबर आलेले जंतू ओळखून प्रथिनरूपी संदेश सोडतात. त्यांच्या प्रभावाने एकदोन तासांनंतर ई-सिलेक्टिन व वाढीव आयकॅम-1 तयार होतात. ऊतकातील आकर्षक रसायने (उदा., 1987 मध्ये ओळखले गेलेले इंटरल्यूकिन-8) अंतःस्तराच्या पृष्ठभागावर धरून ठेवलेली असतात. मंद गडगडणाऱ्या कोशिकेला ती ‘वाचण्यास’ वेळ मिळतो. वाचताच तिच्या इंटिग्रिनांची घडी उलगडून त्यांची पकड घट्ट होते. कोशिका थांबते, चपटी होते, भित्तीवर सरपटत दोन अंतःस्तर कोशिकांमधील सांधा शोधते आणि त्यातून अंग आक्रसून पलीकडे जाते. सांध्याच्या कोशिका तिच्यामागे पुन्हा मिटतात. वॉलर यांना छिद्र न दिसण्याचे कारण हेच होय. अंतःस्तर ओलांडण्यास काही मिनिटे पुरतात. त्याखालील आधारपटल ओलांडण्यास अधिक वेळ लागतो. पहिल्या दिवशी काट्याभोवती न्यूट्रोफिलांचे प्राबल्य असते. सामान्यतः एकदोन दिवसांनंतर त्यांची जागा एककेंद्रक कोशिका व त्यांपासून बनणाऱ्या मोठ्या भक्षिकोशिका घेतात आणि मेलेल्या न्यूट्रोफिलांची विल्हेवाट लावतात.

मर्यादा व उपयोजन : वरील क्रम त्वचा, स्नायू व आंत्रबंध यांतील सूक्ष्मनीलांना लागू पडतो. फुप्फुसांत तो तसाच लागू नाही. तेथील बहुतेक केशवाहिन्या न्यूट्रोफिलापेक्षा अरुंद असल्याने कोशिकेला आकार बदलूनच पुढे सरकावे लागते. उत्तेजित होऊन ती ताठर झाली की जागीच अडकते, तिला गडगडावे लागत नाही. सीडी-18 नसलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत न्यूट्रोफिल पोहोचलेले आढळतात, ते यामुळेच.

न्यूट्रोफिलांची एंझाइमे जंतू व स्वतःचे ऊतक असा भेद करीत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोहिणीतील अडथळा दूर करून रक्तपुरवठा पूर्ववत केला असता कोशिकांच्या अशाच लोंढ्याने हानी वाढते, असे प्राण्यांत दिसले होते. म्हणून सीडी-18 झाकणारी प्रतिपिंडे हृदयविकार व मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होणे यांवर वापरून पाहण्यात आली; परंतु माणसांतील चाचण्यांत त्यांचा अपेक्षित लाभ झाला नाही. दुसऱ्या एका इंटिग्रिनाला अडविणारे नॅटालिझुमॅब हे औषध बहुविध दृढन या मज्जासंस्थेच्या रोगावर उपयुक्त ठरले व 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त राहणाऱ्या विषाणूचा प्राणघातक संसर्ग झाल्याने 2005 मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. 2006 मध्ये ते कडक देखरेखीखाली पुन्हा उपलब्ध झाले. पहाऱ्याच्या कोशिकांची वाट अडविली की हानी टळते, तसे संरक्षणही उणावते.

आनुवंशिक दोषांचे निदान मात्र या ज्ञानामुळे सोपे झाले आहे. नाळ उशिरा गळणे, श्वेत कोशिकांची सतत मोठी संख्या आणि पू नसलेली, न भरणारी जखम ही तीन लक्षणे एकत्र आढळली की रक्ताच्या थोड्या नमुन्यावर सीडी-18 ची तपासणी केली जाते. ते पुरेसे असल्यास रक्तगट पाहिला जातो. सीडी-18 च्या तीव्र अभावात जुळणाऱ्या दात्याकडील अस्थिमज्जेचे किंवा रक्तजनक मूलकोशिकांचे रोपण हा रोग बरा करणारा प्रस्थापित उपचार आहे. फ्यूकोजच्या दोषात ती शर्करा तोंडावाटे दिल्याने काही रुग्णांत संसर्ग थांबले व श्वेत कोशिकांची संख्या उतरली. हायफातील मुलांना मात्र त्याचा गुण आला नाही. एकाच प्रथिनात वेगवेगळ्या जागी झालेला बिघाड उपचाराला वेगवेगळा प्रतिसाद देतो, हे त्याचे कारण मानले जाते.